क्षितिज कुठे असतं? दोन फोटो एकत्र करताना कॅमेऱ्याच्या उंचीचा हिशेब

मागच्या खेपेला 'दृष्टिकोन' या शब्दावर बोलताना मी जाता जाता म्हणालो होतो की फोटोतली क्षितिजरेषा ही फोटोतल्या जगाची गोष्ट नसून बघणाऱ्याची गोष्ट आहे. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं की हे उदाहरण देऊन समजावा. उदाहरण घरचंच आहे. आज त्याच एका उदाहरणावर बोलतो, तत्त्वज्ञान बेताचंच येईल.

आधी एक साधी गोष्ट आठवा. गणपतीपुळ्याला किंवा जुहूला समुद्राकाठी वाळूत बसलाय. समोर माणसं उभी आहेत, काही जवळ, काही पार पाण्याच्या कडेला. समुद्र जिथे आभाळाला टेकतो ती रेघ या माणसांना कुठे कापते? तुम्ही बसलेले असताना ती उभ्या माणसांच्या मांडीपाशी जाते. जवळच्याच्याही मांडीपाशी आणि लांबच्याच्याही. आता उठून उभे राहा. तीच रेघ सगळ्यांच्या डोळ्यांपाशी जाते. समुद्र हलला नाही, माणसं हलली नाहीत. तुमचे डोळे वर गेले, आणि रेघ त्यांच्याबरोबर वर आली.

म्हणजे क्षितिजरेषा सांगते ती एकच गोष्ट: बघणाऱ्याचा डोळा, किंवा कॅमेऱ्याचं भिंग, जमिनीपासून किती उंच आहे. सपाट जमिनीवरच्या फोटोत ही रेघ ज्या ज्या वस्तूला जिथे कापते, ती ती जागा कॅमेऱ्याइतक्या उंचीवर असते. कॅमेरा दीड मीटरवर असेल तर दाराच्या दीड मीटरवर, खांबाच्या दीड मीटरवर आणि माणसाच्याही दीड मीटरवरूनच रेघ जाते, मग ते जवळ असो की लांब. समुद्र दिसत नसला, मधे भिंत असली, तरी रेघ आहेच; फक्त ती शोधावी लागते. इटलीतल्या आल्बेर्तीने १४३५ साली चित्रकलेवरच्या आपल्या ग्रंथात चित्रकारांना सांगून ठेवलंय की मधला बिंदू चित्रातल्या माणसाच्या उंचीपेक्षा वर घेऊ नका. असं केलं की बघणारा आणि चित्रातली माणसं एकाच जमिनीवर उभी असल्यासारखी वाटतात. आपण आज जे करणार आहोत ते त्याच हिशेबाचं दुसरं टोक आहे.

आता उदाहरण. वाईजवळ आमचं जुनं घर आहे. तिथे दिवाळीत सगळे जमले, अंगणात फोटो काढला. त्या वेळी माझी थोरली बहीण, आमची ताई, दवाखान्यात होती. पुढे ती गेली. भाच्याच्या मनात आलं की त्या फोटोत आई असायला हवी. त्याच्याजवळ तिचा एक छान फोटो होता, तिच्या सांगलीच्या घराच्या अंगणात तुळशीजवळ उभी असलेला, डोक्यापासून पावलांपर्यंत पूर्ण. तो त्याच्या मुलीने काढलेला, तेव्हा ती आठ वर्षांची होती. भाचा कॉम्प्युटरमध्ये मुरलेला आहे. त्याने ताईची आकृती नीट कातरून घेतली, लेयर टाकला, रंग जुळवला, आणि फोटो घरच्या ग्रुपवर पाठवला. सगळ्यांनी हात जोडले. मग थोड्या वेळाने धाकट्या भावाने मला फोन केला. म्हणाला, "दादा, काही म्हण, ताई अशी नव्हती रे."

काय चुकलंय ते त्याला सांगता येत नव्हतं. मलाही पहिल्यांदा सांगता आलं नाही. ताई मोठी वाटत होती एवढंच कळत होतं. भाच्याला विचारलं तर तो म्हणाला, "मामा, मी व्हिडिओत बघितलं तसं केलं. दोन्ही फोटोंची होरायझन लाइन जुळवली." त्याचं म्हणणं खरं होतं. रेघा जुळलेल्या होत्या, आणि घोटाळा नेमका तिथेच होता.

मग आम्ही दोघे बसलो आणि पहिल्यापासून मोजलं. तुम्हीही बरोबर मोजा, आकडे सोपे आहेत.

अंगणाचा फोटो आडवा, चार हजार पिक्सेल रुंद आणि तीन हजार उंच. पहिलं काम त्यात क्षितिजरेषा शोधायची. पुष्कळ जण फोटोच्या बरोबर मध्यावर रेघ मारून मोकळे होतात. ते तेव्हाच खरं, जेव्हा फोन अजिबात वरखाली न कलता सरळ धरलेला असतो आणि फोटो नंतर कापलेला नसतो. माणसं पावलांसकट घ्यायची असली की फोटो काढणारा फोन किंचित खाली कलवतोच, आणि तसं झालं की क्षितिज मध्याच्या वर सरकतं. म्हणून अंदाज न करता फोटोतल्या सरळ रेघांना विचारायचं.

आमच्या अंगणात शहाबादी फरशी आहे. फरशांच्या ज्या फटी आपल्यापासून घराकडे जातात त्या प्रत्यक्षात एकमेकींना समांतर आहेत, पण फोटोत त्या लांब जाता जाता एकमेकींकडे झुकतात. स्क्रीनवर त्यांच्यावरून रेघा ओढून वर वाढवल्या की त्या एका ठिकाणी मिळतात. यथार्थदर्शन शिकवणारे त्याला व्हॅनिशिंग पॉइंट म्हणतात. आडव्या पातळीतल्या कुठल्याही समांतर रेघा मिळतील त्या क्षितिजावरच मिळतील. एकाच बिंदूवर विसंबू नये म्हणून आणखी एक जोडी घ्यायची. फरशा सारख्या आकाराच्या असतील तर कोपऱ्यातून कोपऱ्यात तिरक्या रेघा ओढा. त्यांचा बिंदू वेगळ्या जागी, पण त्याच क्षितिजावर येतो. दोन बिंदू जोडले की रेघ मिळाली. ती तिरकी आली तर फोन एका बाजूला कललेला होता, आणि मग पहिल्यांदा फोटोच फिरवून सरळ करायचा.

इथे एक सावधगिरी. अंगणाच्या फरशीला पाणी वाहून जायला ढाळ दिलेला असतो. ढाळ असलेली जमीन आडवी नाही, त्यामुळे तिच्या रेघा खऱ्या क्षितिजावर मिळत नाहीत, थोड्या वर किंवा खाली मिळतात. पन्नासाला एक एवढा ढाळ आपल्यासमोर असेल तर आमच्यासारख्या फोटोत रेघ साठेक पिक्सेल सरकते. म्हणून घराच्या बाजूच्या भिंतीवर खिडकीची वरची आणि खालची कड, वासे, कठडा, असं जे गवंड्याने पाणसळ लावून बांधलेलं आहे त्यावरून ताळा घ्यावा. आमचा फरशीचा आणि घराचा बिंदू वीसेक पिक्सेलने वेगळा आला. घराचा धरला. रेघ आली वरून बाराशेव्या पिक्सेलवर. मध्य पंधराशेवर, म्हणजे फोन जरा खाली कललेला होता, अपेक्षेप्रमाणेच.

आता कॅमेऱ्याची उंची. यासाठी फोटोत एक उंची माहीत असलेली, जमिनीवर टेकलेली वस्तू लागते. दार चालतं, खांब चालतो. आमच्याकडे धाकटा भाऊच होता, एकशे सत्तर सेंटिमीटरचा, पुढच्या ओळीत ताठ उभा. त्याची पावलं २१०० वर, डोकं १०८० वर, म्हणजे तो फोटोत १०२० पिक्सेल उंच. पावलांपासून क्षितिजापर्यंत ९०० पिक्सेल. एक हजार वीसला एकशे सत्तर, तर नऊशेला किती? दीडशे. फोन दीडशे सेंटिमीटरवर होता. रेघ भावाच्या हनुवटीवरून जात होती, आणि एकशे सत्तरच्या माणसाची हनुवटी साधारण तिथेच असते. फोन बराच खाली किंवा वर कललेला असेल, उभे खांब फोटोत उघड तिरके दिसत असतील, तर हा त्रैराशिकाचा हिशेब ढिला पडतो. तेव्हा आधी उभ्या रेघा सरळ करून घ्याव्या. आमच्या फोटोत कल थोडाच होता.

आणखी एक आकडा लिहून ठेवा. पुढच्या ओळीत १५० सेंटिमीटरला ९०० पिक्सेल, म्हणजे सेंटिमीटरला सहा पिक्सेल.

आता ताईचा फोटो. त्यात फरशी नव्हती, शेणाने सारवलेलं अंगण होतं, मागे झाडं. एकही सरळ रेघ नाही. पण तुळशीवृंदावन होतं. वृंदावनाच्या वरच्या कट्ट्याची जवळची कड आणि लांबची कड फोटोत एकावर एक आलेली होती. कट्ट्याचा वरचा भाग दिसत नव्हता आणि कडेखालची पोकळीही दिसत नव्हती, नुसती एक सरळ रेघ. कुठलाही आडवा पृष्ठभाग असा रेघेसारखा दिसला की समजायचं, कॅमेरा बरोबर त्या उंचीवर आहे. तो वर असता तर कट्ट्यावरची माती दिसली असती. तो खाली असता तर कडेखालची बाजू दिसली असती. टेबल, कपाटाची फळी, पाण्याच्या पिंपाचं तोंड, काहीही चालतं. मला ही खूण फार आवडते, कारण तिला गणितच लागत नाही. भाच्याने सांगलीला जाऊन टेप लावली. वृंदावन एकशे वीस सेंटिमीटर. आठ वर्षांच्या मुलीने तोंडासमोर फोन धरला तर तो साधारण तेवढ्यावरच असणार.

ताईची उंची आम्हा सगळ्यांना पाठ. चार फूट अकरा इंच, म्हणजे दीडशे सेंटिमीटर. त्या फोटोत ती ९०० पिक्सेल उंच होती, आणि वृंदावनाची रेघ तिला पावलांपासून ७२० पिक्सेलवर, काखेच्या जरा वर कापत होती. दीडशेतले एकशे वीस. ताळा जमला.

तर आता प्रश्न असा मांडा. एका फोटोत रेघ ताईच्या काखेपाशी जाते. दुसऱ्या फोटोत, त्या अंगणात दीडशे सेंटिमीटरचं कुणीही कुठेही उभं राहिलं, तर रेघ त्याच्या टाळूला स्पर्श करून जायला हवी. आणि भाच्याने काय केलं? त्याने काखेवरची रेघ घेतली आणि अंगणाच्या रेघेवर ठेवली. मग पावलं भावाच्या पावलांच्या ओळीत, २१०० वर टेकवायला ७२० चे ९०० करावे लागले. ताई सव्वापट ताणली गेली. नऊशेची अकराशे पंचवीस पिक्सेल झाली. सहाने भागा. एकशे साडेसत्याऐंशी सेंटिमीटर. आमची चार फूट अकरा इंचाची ताई सहा फूट दोन इंचाची होऊन सगळ्या भावांच्या वर उभी होती.

भाचा म्हणाला, "मोठी वाटली म्हणून मी नंतर लहान केली की." तेही त्याने केलं होतं, आणि ही दुसरी चूक पहिलीपेक्षा शिकण्यासारखी आहे. लहान करताना त्याने रेघ मात्र जुळलेलीच ठेवली. ताई हजार पिक्सेलची केली. मग पावलं रेघेच्या खाली आठशे पिक्सेलवर, म्हणजे २००० वर आली. पण अंगणात २००० वर जी जागा आहे ती भावाच्या मागे, पायरीच्या जवळ आहे. तिथे दीडशे सेंटिमीटरला आठशे पिक्सेल पडतात, आणि त्या मापाने हजार पिक्सेलची बाई किती उंच? पुन्हा एकशे साडेसत्याऐंशी. ताई लहान झाली नाही, नुसती मागे सरकली. रेघेला बांधून ठेवलंत तर आकृती कितीही लहानमोठी करा, तिची खरी उंची बदलत नाही. ती फक्त जवळ येते किंवा लांब जाते. रेघ काखेपाशी आहे याचा अंगणातला अर्थच मुळी असा होतो की हिची काख दीडशे सेंटिमीटरवर आहे.

गल्लत कशातून होते ते बघा. 'क्षितिज जुळवा' हा सल्ला अर्धा आहे. दोन्ही कॅमेऱ्यांची उंची एक असेल तर क्षितिज, पावलं आणि माप तिन्ही एकदम जुळतात, आपल्याला काही करावं लागत नाही. उंची वेगळी असेल तर तिन्हींपैकी एकाला सोडावंच लागतं. सॉफ्टवेअर कुठलंही असो, फोटोशॉप असो की गिंप, ही अडचण तिथे सुटत नाही, कारण ती फोटो काढण्याच्या क्षणी ठरून गेलेली असते.

मग सोडायचं कशाला? माझं मत स्पष्ट आहे. पावलं आणि माप सोडू नका, रेघ सोडा. माणसाची उंची आपल्याला ओळखीची असते, त्यातली पंचवीस टक्क्यांची चूक घरच्यांना लगेच टोचते. कॅमेऱ्याच्या उंचीतला फरक मात्र कोनातून दिसतो, आणि कोन अंतराने कमी होतो. ताईचा फोटो साधारण पाच मीटरवरून काढलेला होता. पाच मीटरवरून पावलांकडे बघताना एकशे वीसवरून नजर साडेतेरा अंश खाली जाते, आणि दीडशेवरून पावणेसतरा अंश. फरक सव्वातीन अंश. उभ्या माणसाच्या अंगावर, साडीच्या निऱ्यांत, तेवढा कुणाला कळत नाही. दोन मीटरवरून काढलेला फोटो असता तर तोच फरक सहा अंश झाला असता. आणि पाच मीटरवरूनही कॅमेरा तीसऐवजी नव्वद सेंटिमीटरने खाली असता तर हनुवटीखालचा भाग दिसायला लागतो, चप्पल कडेवरून दिसते, आणि मग कितीही नीट कातरलं तरी माणूस त्या जमिनीवर बसत नाही.

फरक सगळ्यात आधी उघडा पडतो तो आडव्या सपाट वस्तूंत. समजा ताई गोल स्टुलावर हात ठेवून उभी असती. स्टूल पंचेचाळीस सेंटिमीटर उंच, तीस रुंद. पाच मीटरवर एकशे वीसवरून बघितलं तर त्याचं वरचं गोल पान सत्तावीस पिक्सेल जाडीचं अंडाकृती दिसतं, दीडशेवरून अडतीस. शेजारी मूळ फोटोत दुसरं स्टूल असेल तर डोळा ते बरोबर पकडतो. आणि वृंदावन जर ताईबरोबर कातरून आणलं असतं तर अनर्थच. त्याचा कट्टा अंगणातल्या कॅमेऱ्याच्या तीस सेंटिमीटर खाली, म्हणजे वरची माती दिसायला हवी, आणि दिसते नुसती रेघ. म्हणून नियम सोपा: कॅमेऱ्याच्या उंचीची खात्री नसेल तर माणूस एकटा आणा, त्याच्याबरोबर खुर्ची, टेबल, पाट आणू नका.

तर आम्ही ताईला खऱ्या मापाची केली, नऊशे पिक्सेल, भावाशेजारी, पावलं २१०० वर. डोकं बरोबर क्षितिजाला टेकलं. उंचीची तक्रार मिटली. तरी भाची म्हणाली, "मामा, आई आपल्याकडे वाकून बघतेय असं का वाटतं?"

हे मात्र मला आधी सुचलं नव्हतं. ताई फोटो काढताना कुणाकडे बघत होती? आठ वर्षांच्या नातीकडे. तिचे डोळे एकशे चाळीस सेंटिमीटरवर, फोन एकशे वीसवर. मान किंचित खाली, पापण्या खाली. फोटोतली नजर आपल्याकडेच राहते, ती कुठे बाजूला जात नाही, पण मानेचा तो झुकाव राहतोच. अंगणात मात्र फोन तिच्या डोळ्यांपेक्षा दहा सेंटिमीटर वर होता. तिथे खरीच उभी असती तर तिने मान थोडी वर केली असती. घरातली सगळ्यात बुटकी बाई आणि वरून खाली बघतेय, हे जमत नव्हतं. अंशांच्या हिशेबात बारीक, पण चेहऱ्याच्या बाबतीत आपण फार कडक परीक्षक असतो.

उपाय घरानेच दिला. आमच्या ओसरीला दोन पायऱ्या आहेत, प्रत्येकी सोळा सेंटिमीटर. म्हणजे ओसरी अंगणापेक्षा बत्तीस सेंटिमीटर उंच. फोन अंगणापासून दीडशेवर, तर ओसरीच्या जमिनीपासून किती? एकशे अठरा. ताईचा फोटो एकशे वीसवरून काढलेला. दोन सेंटिमीटरचा फरक राहिला!

कॅमेऱ्याची उंची मोजायची ती माणूस ज्या जमिनीवर उभा आहे त्या जमिनीपासून. एवढं लक्षात आलं की बरेच अडलेले फोटो सुटतात. खालून काढलेला माणूस पायरीवर, ओट्यावर, चढावर चढवा. वरून काढलेला माणूस पायरी उतरवून खाली उभा करा. फोटो बदलता येत नाही, जागा बदलता येते. अर्थात फोटोत अशी जागा असली पाहिजे आणि तिथे उभं राहणं त्या माणसाला शोभलं पाहिजे.

ओसरीच्या कडेला डाव्या खांबाशी जागा मोकळी होती. ती कड फोटोत १७९० वर होती, क्षितिजापासून ५९० पिक्सेल खाली. एकशे अठराला पाचशे नव्वद, म्हणजे तिथे सेंटिमीटरला पाच पिक्सेल. दीडशे सेंटिमीटरची ताई साडेसातशे पिक्सेलची झाली पाहिजे. नऊशेची साडेसातशे केली, पावलं १७९० वर ठेवली. तिची स्वतःची रेघ पावलांपासून सहाशेवर आली, अंगणाची पाचशे नव्वदवर. दहा पिक्सेलचा फरक, तो तसाच सोडला. आणि खाली झुकलेली मान आता बरोबर होती, कारण ओसरीवर तिचे डोळे अंगणापासून एकशे बहात्तरवर आले, फोनच्या बावीस सेंटिमीटर वर. नातीच्या फोनच्या ती वीस वर होती.

अंतराचं एक राहिलं. नातीने पाच मीटरवरून काढलेली ताई आता साधारण सहा मीटरवर उभी आहे. अंतर दुप्पट-तिप्पट बदललं तर नाक, हात, पाऊल यांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण बिघडतं. पाचाचे सहा झाल्याने बिघडत नाही. उजेड आणि सावली हा वेगळा विषय आहे, त्यात आज शिरत नाही. खांबाची सावली तिच्या पदरावर पाडायला भाच्याला एक संध्याकाळ लागली एवढंच सांगतो.

कुणीतरी मला म्हणालं, सर, हे खोटंच ना? एवढं मोजून खोटं कशाला करायचं? हेन्री पीच रॉबिन्सनने १८५८ साली पाच निगेटिव्ह जोडून मरणासन्न मुलीचा फोटो केला तेव्हापासून हा वाद चालू आहे. आमच्या घरात मी एवढंच सांगितलं की छापलेल्या फोटोच्या मागे पेनाने लिहा: ताईचा फोटो सांगलीचा, नातीने काढलेला, नंतर घातला. पुढच्या पिढीला दिवाळीला ती इथे होती असं वाटता कामा नये. भाच्याने लिहिलंय.

आता एक प्रश्न चिठ्ठीवर आलाय, तो घेऊन थांबतो. विचारलंय की आपल्याजवळचा फोटो कमरेपर्यंतचाच असेल, पावलंच नसतील, तर काय करायचं? बहुतेक घरांत असेच फोटो असतात. तेव्हा पावलांऐवजी शरीराच्या खुणा वापरा. फोटोत कुठे तरी आडवी पातळी शोधा, खिडकीची चौकट, टेबल, मागच्या भिंतीवरची फळी, आणि रेघ माणसाला कुठे कापते ते बघा. हनुवटीला, खांद्याला की छातीला. आता आपल्या मुख्य फोटोत तेवढ्याच उंचीचा दुसरा कोणी उभा असेल तर त्याला रेघ कुठे कापते ते बघा. दोन्हीकडे एकाच ठिकाणी कापत असेल तर रेघ जुळवून बिनधास्त ठेवा, आणि पावलं नाहीत म्हणून त्याला मागच्या ओळीत, कुणाच्या तरी खांद्यामागे उभा करा. मागच्या ओळीत डोकं लहान व्हायला हवं, पण रेघ त्याच जागी कापायला हवी. बहुतेक जण मागच्या ओळीतल्या माणसाचं डोकं पुढच्यांच्या मापाचं ठेवतात आणि मग तो राक्षस दिसतो. रेघ वेगळ्या ठिकाणी कापत असेल तर तो बसलेला होता की उभा ते आधी तपासा. खुर्चीत बसलेल्याचा फोटो उभ्या माणसाने काढला असेल तर रेघ त्याच्या डोक्याच्याही वरून जाते, आणि असा माणूस उभ्यांच्या ओळीत कधीच बसत नाही. त्याला पुढे, बसलेल्यांच्या ओळीतच जागा द्यावी लागते.